मिळवणीचा मॅक्रो: छोट्या दुकानासाठी काम आखणे, लिहिणे आणि पुढे सांभाळणे

मॅक्रो म्हणजे स्प्रेडशीटच्या फाइलमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम. माणूस दर महिन्याला ज्या क्रमाने ओळी उचलतो, रकाने जुळवतो आणि बेरजा तपासतो, तो क्रम मॅक्रो एका बटणावर पार पाडतो. एक्सेलमध्ये अशा प्रोग्रामसाठी व्हीबीए ही भाषा १९९३ मध्ये, पाचव्या आवृत्तीत आली आणि छोट्या कचेऱ्यांत आजही तीच जास्त चालते. फाइलच्या बाहेर राहून फोल्डरमधल्या अनेक फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामला स्क्रिप्ट म्हणतात. दोन्हींत कोड थोडा असतो. कामाचा मोठा भाग त्याच्या आधी आणि नंतर येतो. यंत्राने काय ठरवायचे आणि माणसासमोर काय ठेवायचे ही रेघ आधी आखावी लागते, आणि बाहेरचे नियम बदलले तरी ती रेघ पुढे जपावी लागते.

हे पाहण्यासाठी एक नेमके काम घेणे सोयीचे. अक्कलकोट तालुक्यातले मैंदर्गी हे नगरपरिषदेचे गाव अक्कलकोट-दुधनी रस्त्यावर आहे. कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने गावात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. तूर, उडीद, ज्वारी आणि ऊस पिकवणाऱ्या या भागात खते, बियाणे आणि कीटकनाशके विकणाऱ्या कृषी सेवा केंद्राचा माल एकाच बाजूने येत नाही. काही बिले सोलापूर-अक्कलकोटची असतात, काही कलबुर्गीकडची. अशा दुकानाकडून मॅक्रोसाठी येणारी सर्वांत स्वाभाविक मागणी म्हणजे खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी यांची मिळवणी. पुढचे विवेचन अशा एका नमुना दुकानाच्या आधाराने केले आहे. दुकान दरमहा विवरणपत्र भरते आणि त्याचे खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये आहे, असे धरले आहे.

काम नेमके काय

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. दुकानदाराने खरेदीवर भरलेला कर त्याला विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. मात्र १ जानेवारी २०२२ पासून, माल विकणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात दाखवलेले आणि म्हणून खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बीत उतरलेले बिलच वजावटीला चालते. हे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि जीएसटीआर-३बी भरण्याची नेहमीची मुदत २० तारीख असते. मधल्या सहा दिवसांत रजिस्टरमधले प्रत्येक बिल विवरणात आहे का, ते पाहायचे असते. हाताने हे काम करताना दोन कागदांवर टिकमार्क करत बसावे लागते, आणि चुका बहुधा शेवटच्या संध्याकाळी होतात.

मॅक्रो लिहिणाऱ्याने पहिल्या भेटीत संगणकाला हात न लावता हे काम शेवटपर्यंत नुसते पाहावे. दुकानातला मुनीम कोणते बिल सहज सोडून देतो, कोणत्या बिलापाशी थांबतो आणि कुणाला फोन करतो, याची नोंद घ्यावी. तो जिथे थांबतो तिथेच खरी अट दडलेली असते. बियाण्याचे बिल तो विवरणात शोधतच नाही. पेरणीच्या बियाण्यावर कर नसल्याने विकणारा अशी विक्री एकत्रित रकमेत दाखवतो आणि ती बिलनिहाय उतरत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मात्र विचारले नाही तर तो ते सांगणार नाही, कारण त्याच्या लेखी ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. मॅक्रोला मात्र हे माहीत नसते. तो बियाण्याचे प्रत्येक बिल ‘सापडले नाही’ म्हणून लाल करील आणि दुसऱ्या महिन्यापासून लाल रंगाकडे कुणी पाहणार नाही.

यानंतर सलग तीन महिन्यांच्या खऱ्या फाइली मागाव्यात. त्यांत एक महिना खरिपाच्या गर्दीचा असावा. नमुना म्हणून हाताने बनवून दिलेली दहा ओळींची फाइल कामाची नसते, कारण तिच्यात प्रत्येक बिल नीट लिहिलेले असते.

व्याप्तीचे एक पान

पाहणीनंतर एक पान लिहून दोघांनी त्यावर सही करावी. त्यात आत काय येणार, बाहेर काय जाणार, मॅक्रो काय करणार नाही, तो कोण चालवणार आणि काम पूर्ण झाले हे कशावरून ठरणार, एवढे असले तरी पुरते.

आत येणाऱ्या गोष्टी दोन: ठरलेल्या रकान्यांचे खरेदी रजिस्टर आणि पोर्टलवरून हाताने उतरवलेली विवरणाची एक्सेल फाइल. पोर्टलवर आपोआप प्रवेश करून फाइल आणण्याचे काम अंगावर घेऊ नये. तिथे कॅप्चा असतो, पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, आणि पान थोडे बदलले तरी सगळे अडते. फाइल उतरवायला माणसाला फार वेळ लागत नाही. बाहेर जाणारी गोष्ट म्हणजे एक नवी फाइल, तिच्यात ‘जुळले’, ‘तपासा’, ‘फक्त रजिस्टरमध्ये’ आणि ‘फक्त विवरणात’ ही चार पाने.

काय करणार नाही, हा भाग सर्वांत काळजीने लिहावा. या नमुन्यात परत पाठवलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा घेतलेल्या नाहीत, कारण विवरणात त्यांचे पान वेगळे असते आणि त्यांचे नियमही वेगळे. वजावट घ्यायची की नाही, हे मॅक्रो सांगत नाही. तो निर्णय दुकानदार आणि त्याच्या कर सल्लागाराचा. हे लिहून न ठेवल्यास ‘एवढेही त्यातच बसवा’ अशी मागणी येत राहते आणि ठरलेल्या पैशांत काम दुप्पट होते. नवी मागणी आली तर तिचे वेगळे पान आणि वेगळा मोबदला, असे आधीच म्हणून ठेवावे.

काम पूर्ण झाल्याची कसोटीही आधीच ठरवावी. हाताने मिळवणी करून निकाली काढलेला एखादा जुना महिना मॅक्रोतून काढायचा. जिथे दोन्ही उत्तरे वेगळी येतील, तिथे प्रत्येक फरकाचे कारण कागदावर लिहायचे. कधी चूक मॅक्रोची निघते, कधी जुन्या हातमिळवणीची. सगळ्या फरकांची कारणे लिहून झाली की काम पूर्ण.

बिल क्रमांकाचा घोळ

मिळवणीत सर्वाधिक अडचण बिल क्रमांकाची येते. विकणारा `SLP/0113` छापतो आणि मुनीम `SLP-113` किंवा नुसते `113` लिहितो. नियमाप्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालतात, आणि तो एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असतो. म्हणून जुळणी नुसत्या क्रमांकावर कधीच करू नये. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि साफ केलेला बिल क्रमांक या तिघांची मिळून किल्ली बनवावी.

क्रमांक साफ करणारे फंक्शन असे लिहिता येते:

```vba
Function SaafKramank(ByVal s As String) As String
    Dim i As Long, c As String, t As String
    s = UCase$(Trim$(s))
    For i = 1 To Len(s)
        c = Mid$(s, i, 1)
        If c Like "[A-Z0-9]" Then t = t & c
    Next i
    Do While Left$(t, 1) = "0"
        t = Mid$(t, 2)
    Loop
    SaafKramank = t
End Function
```

हे फंक्शन रेघा, मोकळ्या जागा आणि सुरुवातीची शून्ये काढते. त्याच्या मर्यादाही ओळखून असाव्यात. `SLP/0113` यातले मधले शून्य ते काढत नाही, त्यामुळे ते बिल पहिल्या फेरीत जुळत नाही. उलट `1/12` आणि `11/2` ही दोन वेगळी बिले साफ झाल्यावर `112` अशी एकच दिसतात. म्हणून किल्ली जुळली तरी करपात्र रक्कम एका रुपयाच्या फरकात बसते का, हे पाहिल्याशिवाय बिल ‘जुळले’च्या पानावर टाकू नये.

याच ठिकाणी आणखी एक चूक लपते. किल्ल्या साठवायला बहुधा `Scripting.Dictionary` वापरतात. त्यात `d(key) = r` असे लिहिले आणि ती किल्ली आधीच असली, तर जुनी ओळ पुसली जाते आणि संदेश काहीच येत नाही. आधी `d.Exists(key)` पाहावे आणि कराचा दरही तोच असलेली दुबार किल्ली थेट ‘तपासा’च्या पानावर पाठवावी. एकच बिल रजिस्टरमध्ये दोनदा चढले असेल तर तेही यातूनच सापडते.

मॅक्रो सुरू होण्यापूर्वीच झालेल्या बिघाडावर मात्र उपाय नसतो. रजिस्टरच्या सेलमध्ये `3/12` टाइप केले की एक्सेल त्याला तारीख समजतो आणि मूळ मजकूर नाहीसा होतो. `007` चे `7` होते. पंधराहून जास्त अंकांच्या संख्येचे पुढचे अंक शून्य होतात. म्हणून बिल क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवलेले कोरे रजिस्टर देणे हाही या कामाचाच भाग आहे.

तारखा, अक्षरे आणि रकाने

विवरणातल्या तारखा पुष्कळदा मजकूर म्हणून येतात. `CDate` त्यांचा अर्थ संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून लावते, आणि सेटिंग अमेरिकी असेल तर ५ जूनची ६ मे होते. हा बिघाड ओळखण्याची खूण सोपी आहे. १ ते १२ तारखांची बिले भलत्या महिन्यात दिसतात आणि १३ तारखेपासूनची ठीक राहतात. उपाय म्हणजे तारखेचे तुकडे स्वतः करून जोडणे:

```vba
dt = DateSerial(CInt(Mid$(s, 7, 4)), _
     CInt(Mid$(s, 4, 2)), CInt(Left$(s, 2)))
```

मराठी संदेशांची अडचण वेगळी. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हे उमटतात, कारण तो संपादक युनिकोड पाळत नाही. ‘बिल सापडले नाही’ यासारखी वाक्ये एका वेगळ्या शीटच्या सेलमध्ये लिहावीत आणि कोडने ती तिथून उचलावीत. याचा फायदा असा की शब्द बदलायला कोड उघडावा लागत नाही आणि शेजारच्या रकान्यात कन्नड मजकूरही ठेवता येतो. जुने रजिस्टर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असेल तर पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हे असतात. अशा नावांवर जुळणी करू नये. जीएसटी क्रमांकच धरावा.

विवरणाच्या फाइलमध्ये रकान्यांची शीर्षके दोन ओळींत आणि जोडलेल्या सेलमध्ये असतात, आणि रकान्यांची रचना बदलू शकते. ‘नववा रकाना म्हणजे करपात्र रक्कम’ असे कोडमध्ये लिहिले तर एखाद्या महिन्यात मॅक्रो बिनतक्रार चुकीची रक्कम उचलतो. शीर्षकाचा मजकूर शोधून रकाना ठरवावा आणि शीर्षक सापडले नाही तर मॅक्रोने तिथेच थांबावे. याच कारणाने `On Error Resume Next` हे वाक्य सगळ्या कोडवर पांघरू नये. त्याने चूक नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

एका महिन्याची मिळवणी

समजा जुलैच्या रजिस्टरमध्ये ८३ ओळी आहेत. एकाच बिलावर ५ टक्क्यांचे खत आणि १८ टक्क्यांचे कीटकनाशक असल्यास मुनीम दोन ओळी लिहितो, विवरणात मात्र बिलाची एकच ओळ असते. म्हणून आधी किल्लीवार बेरीज करायची. ८३ ओळींची ६४ बिले होतात. विवरणात ६१ बिले आहेत.

पहिल्या फेरीत किल्ली आणि रक्कम दोन्ही जुळलेली ४९ बिले निघतात. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांपैकी जीएसटी क्रमांक, तारीख आणि रक्कम जुळतात पण बिल क्रमांक वेगळा आहे अशा ८ जोड्या सापडतात. त्या ‘तपासा’च्या पानावर समोरासमोर ठेवायच्या आणि हो किंवा नाही माणसाने लिहायचे. एकाच विक्रेत्याकडून एकाच दिवशी सारख्याच पोत्यांची दोन बिले येऊ शकतात, म्हणून या जोड्या मॅक्रोने स्वतः मान्य करायच्या नाहीत. शेवटी फक्त रजिस्टरमध्ये ७ आणि फक्त विवरणात ४ बिले उरतात.

सातांपैकी तीन बिले त्रैमासिक विवरणपत्र भरणाऱ्या छोट्या विक्रेत्याची निघतात. त्याने महिन्याची बिले वेगळ्या सुविधेतून १३ तारखेपर्यंत चढवली नसतील तर ती तिमाही संपल्यावरच उतरतात. दोन बिलांच्या विक्रेत्यांनी ११ तारखेची मुदत चुकवली, म्हणून ती पुढच्या विवरणात येतील. एक बिल बियाण्याचे आहे आणि मुनीमाने चुकून करपात्र म्हणून नोंदवले आहे. राहिलेल्या एकात रजिस्टरमधला जीएसटी क्रमांक चुकला आहे, आणि तेच बिल पलीकडच्या चारांत बसलेले आहे. चारांतली आणखी दोन बिले मालाबरोबर आली पण चढवायची राहिली. चौथे बिल या दुकानाचे नाहीच. विकणाऱ्याने दुसऱ्याच्या बिलावर या दुकानाचा क्रमांक टाकला आहे. त्याची वजावट घेता येत नाही.

सीमेवरच्या गावात आणखी एक तपासणी कामी येते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. मैंदर्गीच्या दुकानाला २७च्या विक्रेत्याकडून केंद्रीय आणि राज्य कर असे दोन भाग लागतात, तर २९च्या विक्रेत्याकडून एकात्मिक कर. कलबुर्गीकडच्या विक्रेत्याने पुरवठ्याचे ठिकाण कर्नाटक दाखवून तिथलाच कर लावला, तर ते बिल विवरणात दिसते पण वजावट ‘अनुपलब्ध’ अशा शेऱ्यासह. नुसत्या रकमेवर जुळवणारा मॅक्रो त्याला हिरवा रंग देईल. म्हणून उपलब्धतेचा रकाना वाचणे आणि २९च्या बिलावर एकात्मिक कर नसल्यास ते वेगळे काढणे, या दोन अटी व्याप्तीच्या पानावरच हव्यात.

शेवटी दोन बेरजा पानाच्या माथ्यावर छापायच्या: ४९, ८ आणि ७ मिळून ६४, ४९, ८ आणि ४ मिळून ६१. रुपयांच्या बेरजाही तशाच. त्या जुळल्या नाहीत तर निकाल वापरू नये. हे का करायचे, हे इंग्लंडच्या एका प्रसंगातून कळते. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण सुटल्याचे उघड झाले. माहिती जुन्या `.xls` प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि आत गेलेल्या व बाहेर आलेल्या ओळींची संख्या कुणी ताडून पाहिली नव्हती.

हाती देताना

मॅक्रो चालल्यावर एक्सेलमध्ये मागे फिरता येत नाही, `Ctrl+Z` चालत नाही. म्हणून मूळ रजिस्टर आणि विवरण फक्त वाचायचे आणि निकाल नेहमी नव्या फाइलमध्ये लिहायचा. मधेच वीज गेली तरी जुने काही बिघडत नाही, मॅक्रो पुन्हा चालवला की झाले.

मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. ई-मेलने पाठवलेली `.xlsm` फाइल उघडली की लाल पट्टी येते आणि बटण दाबूनही काही होत नाही. अशा वेळी सगळे मॅक्रो सरसकट खुले करण्याचा सल्ला देऊ नये, कारण त्याने पुढची घातक फाइलही सहज चालेल. एकच फोल्डर ‘विश्वसनीय जागा’ म्हणून नोंदवून मॅक्रोची फाइल तिथेच ठेवावी. मोबाइलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, हेही आधीच सांगावे.

कोडला पासवर्ड लावला असेल तर तो दुकानदाराला लिहून द्यावा. लिहिणारा उद्या पुण्याला गेला तर दुसऱ्या कुणाला तरी ते उघडावे लागेल. उलट पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी लिहिणाऱ्याने कधीच स्वतःकडे ठेवू नयेत.

नंतरची देखभाल

देखभालीत तीन प्रकारचे फोन येतात आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. पानावर लिहिलेले काम मॅक्रो करत नसेल तर ती चूक. ठरलेल्या मुदतीत तिची दुरुस्ती विनामूल्य. क्रेडिट नोटाही जोडून हव्या असतील तर ती नवी मागणी. तिसरा प्रकार बाहेरच्या बदलाचा आहे. त्यात दोष कुणाचाच नसतो, तरी काम करावे लागते. वार्षिक देखभालीची रक्कम ठरवायची ती यासाठीच.

बाहेरचे बदल खरोखरच येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोर्टलवर बिल स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची व्यवस्था आली. १४ तारखेनंतर दुकानदाराने त्यात काही बदल केला की विवरण पुन्हा काढावे लागते. म्हणजे एकाच महिन्याच्या दोन वेगळ्या फाइली हाती असू शकतात, आणि निकालाच्या पानावर फाइल कोणत्या दिवशी उतरवली ते छापणे गरजेचे झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून करदर बदलले. ठिबक आणि तुषार सिंचनाचा दर १२ वरून ५ टक्के झाला. त्या एका महिन्यात एकाच वस्तूला दोन दर होते. दर कोडमध्ये लिहिलेला मॅक्रो चुकला असता. ‘या तारखेपासून हा दर’ असे तक्त्यात ठेवून बिलाच्या तारखेवरून दर शोधणाऱ्या मॅक्रोत एक ओळ वाढवली की पुरते, आणि ती मुनीम स्वतः वाढवू शकतो.

देखभाल सोपी व्हावी म्हणून दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. पहिली, प्रत्येक निकालावर आवृत्तीचा क्रमांक. दुकानात आणि सल्लागाराकडे एकाच मॅक्रोच्या दोन प्रती फिरू लागल्या की दुरुस्त केलेली चूक परत दिसते, आणि फोनवर पहिला प्रश्न आवृत्तीचाच असावा लागतो. दुसरी, नोंदींचे पान: कोणत्या वेळी, कोणत्या फाइलींवर, किती ओळी वाचल्या आणि कुठे थांबला. ‘चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवर लांबून काही करता येत नाही, पण नोंदपानाचा फोटो आला तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

करारात वेळेचाही उल्लेख हवा. या कामाची सगळी निकड १४ ते २० तारखेच्या दरम्यान असते. त्या आठवड्यात फोन त्याच दिवशी घेतला जाईल आणि एरवी दोन-तीन दिवसांत, असे लिहिणे दोघांनाही झेपते. त्याच आठवड्यात मॅक्रो दुरुस्त होण्यासारखा नसेल तर हातमिळवणी कशी करायची, याचे अर्ध्या पानाचे टिपण फाइलसोबत असावे. ते लिहिण्याचा उत्तम काळ म्हणजे पहिली भेट. तेव्हा मुनीम ते काम हातानेच करत असतो आणि त्याच्या पायऱ्या समोर दिसत असतात.